मुलाला मृत्युपत्राने बेदखल करता येतं का? (मामांचा प्रश्न आहे)

सांजवारा
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मामांचा आहे. वय ७९, तब्येत ठणठणीत, डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं. त्यांना एक मुलगा, एक मुलगी. मुलाशी पंधराएक वर्षं बोलणं नाही. कारणात जाऊ नका, दोन्ही बाजूंनी बरंच काही आहे.

मालमत्ता अशी: चिंचवडला फ्लॅट, मामांनी नोकरीत असताना कर्ज काढून घेतलेला. बँकेत काही ठेवी. आणि गावाकडे, सातारा जिल्ह्यात, सहा एकर जमीन, ती आजोबांकडून आलेली.

मामांनी मागेच पेपरात जाहीर नोटीस दिली आहे की 'आमच्या मुलाशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही, आम्ही त्यास मालमत्तेतून बेदखल केले आहे'. ते कात्रण लॅमिनेट करून कपाटात ठेवलंय. त्यांच्या मते विषय संपला. मामी म्हणतात, संपलेला नाही. कोणाचं बरोबर?

शंकासूर
मामींचं. मामी नेहमीच बरोबर असतात, हे कलम सगळ्या कायद्यांत आहे.

पारनेरकर
मामांचं बरोबर आहे. आमच्या तालुक्यात अशा नोटिशी दर आठवड्याला असतात. नोटीस दिल्यावर हरकत घ्यायला मुदत असते, त्या मुदतीत मुलाने हरकत घेतली नाही म्हणजे त्याने मान्य केलं. शिवाय स्वतःच्या कमाईचा फ्लॅट आहे, त्यावर मुलाचा हक्कच नाही. जमिनीला मात्र हात लावता येणार नाही, वडिलोपार्जित जमिनीचं मृत्युपत्र होतच नाही.

काळा_कोट
पारनेरकर, तीन मुद्द्यांत एक चूक आणि दोन अर्धे बरोबर. क्रमाने घेतो. (मामा हिंदू आहेत असं धरून.)

आधी नोटीस. त्या नोटिशीने वारसाहक्क जात नाही. हरकतीची मुदत असते ती जमीन-फ्लॅट विकत घेणाऱ्याच्या नोटिशीला, वेगळ्या कारणासाठी. मुलाने बापाच्या नावावर उधार घेतलं किंवा गावभर व्यवहार केले तर 'आमचा संबंध नाही' हे लोकांना कळवण्यापुरता या नोटिशीचा उपयोग. उद्या मामा मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मामी, मुलगा आणि मुलगी हे पहिल्या वर्गाचे वारस. तिघांना समान वाटा. कात्रण लॅमिनेट केलेलं असलं तरी.

दुसरं, स्वकष्टार्जित मालमत्तेवर बापाच्या हयातीत मुलाचा हक्क नसतो हे बरोबर. पण 'हक्कच नाही' एवढं म्हणून भागत नाही. हयातीत नाही, मेल्यावर मात्र वारस म्हणून आहे. तो थांबवायचा तर मृत्युपत्र लागतं. हिंदूंच्या बाबतीत अमुक हिस्सा मुलांसाठी राखून ठेवाच असं बंधन नाही. मामा अख्खा फ्लॅट मुलीला, शेजाऱ्याला किंवा गावच्या शाळेला देऊ शकतात.

जमिनीचं नंतर लिहितो, कोर्टात चाललोय.

ठाण्याचा_बोका
'शेजाऱ्याला' वाचून मी आजपासून शेजारच्या काकांना दूध आणून देणार आहे.

मीनल_द
काळा_कोट, एक विचारू? मामांनी साध्या कागदावर फक्त एवढंच लिहिलं की 'माझ्या मुलाला माझ्या मालमत्तेतलं काहीही मिळू नये', सही केली, दोन साक्षीदार घेतले. चालेल ना? आमच्याकडे सासऱ्यांनी असंच लिहून ठेवलंय.

मडगावचो
आमच्या गोव्यात हे नाही चालणार. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत आहे, आता २०१२ चा गोव्याचा वारसा कायदा आहे. मुलं असतील तर अर्धी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव, तिला 'लेजितिमा' म्हणतात. मृत्युपत्र उरलेल्या अर्ध्याचंच करायचं. राखीव अर्ध्यातून मुलाला काढायचं तर कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांपैकी एखादं लागतं. बोलणं बंद आहे एवढं पुरत नाही. आणि बाप हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान कोणीही असो, सगळ्यांना एकच.

पारनेरकर
म्हणजे गोव्यातल्या माणसाने पुण्यात फ्लॅट घेतला की सुटला?

मडगावचो
नाही सुटत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोवेकर कुटुंबाच्या प्रकरणात सांगितलं, गोव्याचा अधिवासी असेल तर बाहेरच्या मालमत्तेलाही गोव्याचाच कायदा. ती मालमत्ता मुंबईत होती.

रुबिना_सो
आमच्यात आणखी वेगळं. मृत्युपत्राने जास्तीत जास्त एक तृतीयांश देता येतं, आणि तेही वारसालाच द्यायचं असेल तर बाकीच्या वारसांची संमती लागते, आणि ती माणूस गेल्यानंतर. शिया आणि सुन्नी यात फरक आहे, पण मुलाला पूर्ण वगळणं मृत्युपत्राने होत नाही हे दोन्हीकडे. माझ्या वडिलांनी म्हणूनच जे द्यायचं ते हयातीत हिबा करून दिलं, ताबासुद्धा दिला. भाऊ अजून फुरंगटून बसलाय, पण कायद्याने काही करू शकला नाही.

काळा_कोट
मडगावचो आणि रुबिनाताईंनी माझं काम हलकं केलं.

मीनल, तुमचा प्रश्न लहान दिसतो, पण या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. नुसतं 'मुलाला मिळू नये' लिहून भागत नाही. मालमत्ता हवेत लटकत राहू शकत नाही, ती कोणाला तरी गेलीच पाहिजे. मृत्युपत्रात ती कोणालाच दिली नसेल तर ती जाते कायद्याच्या वारसाक्रमाने, आणि त्या क्रमात मुलगा उभाच असतो. मुलाला वगळायचं म्हणजे प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कोणाला तरी स्पष्ट द्यायची. फ्लॅट मुलीला, ठेवी पत्नीला, असं. तुमच्या सासऱ्यांच्या कागदात कोणाला दिलंय ते नाही, म्हणजे त्या कागदावर भरवसा ठेवू नका. पुन्हा करायला सांगा.

याच जातीची दुसरी चूक मी जास्त वेळा पाहतो. मृत्युपत्रात फ्लॅट लिहिला, सोनं लिहिलं, दोन बँकांतल्या ठेवी लिहिल्या. माणूस त्यानंतर आठ वर्षं जगला. दरम्यान तिसऱ्या बँकेत ठेव केली, कुठूनतरी शेअर आले, सोसायटीचा पुनर्विकास होऊन मोठा फ्लॅट मिळाला. या नव्या गोष्टी मृत्युपत्रात नाहीत, म्हणजे त्यापुरतं मृत्युपत्रच नाही, आणि वगळलेला मुलगा समान वाटा घेऊन हजर. म्हणून शेवटी एक वाक्य असावंच: 'याशिवाय माझ्या मृत्यूसमयी माझी जी काही स्थावर-जंगम मालमत्ता असेल ती सर्व अमुक यांस मिळावी.' त्या 'याशिवाय'वर कित्येक खटले टळतात.

मीनल_द
बापरे. सासरे आत्ता आंबे निवडतायत, जाऊन विषय काढते.

ठाण्याचा_बोका
आंबे संपल्यावर काढा. अनुभवाचे बोल.

सुलभा_जोग
मला जरा वेगळं विचारायचं आहे. माझ्या वडिलांनी भावाला फ्लॅट आधीच देऊन टाकलाय. 'तो सांभाळेल' म्हणून. आता तो त्यांना स्वयंपाकघरातसुद्धा जाऊ देत नाही. त्याला बेदखल कसं करायचं? मृत्युपत्र करू का त्यांचं?

काळा_कोट
सुलभाताई, फ्लॅट बक्षीसपत्राने भावाच्या नावावर झाला असेल तर तो वडिलांचा उरलाच नाही, त्याचं मृत्युपत्र करून काही होणार नाही. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं, शेवटचं तेवढं खरं. बक्षीसपत्र एकदा पुरं झालं की सहसा मागे घेता येत नाही. महाराष्ट्रात मुलांना राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, त्यामुळे लोक पटकन करून मोकळे होतात.

पण तुमच्या वडिलांना एक रस्ता आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करायचा. ती अट कागदावर आहे का, हा कळीचा मुद्दा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट दिसलीच पाहिजे असं म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात जरा मोकळ्या मनाने पाहिलं, पण तिथे मुलाने त्याच दिवशी सांभाळण्याचं वचनपत्र लिहून दिलं होतं. बक्षीसपत्र बाहेर काढा आणि 'सांभाळ', 'देखभाल' असा शब्द कुठे आहे का बघा.

सुलभा_जोग
बघते. आहे असं वाटतंय, दुसऱ्या पानावर. धन्यवाद.

सांजवारा
मीच धागा काढून गायब होतो, क्षमस्व. मामांना 'कोणाला तरी द्यावंच लागतं' हे वाचून दाखवलं. ते गप्प झाले, मग म्हणाले 'सगळं सुमनला'. (मुलगी. नाव बदललंय.) आता पुढचा प्रश्न, तेच मृत्युपत्र नोंदवलं की मग मुलाला आव्हान देता येणार नाही ना?

पारनेरकर
नोंदवलेलं मृत्युपत्र म्हणजे दगडावरची रेघ. सरकारी शिक्का आहे त्यावर.

तलाठ्याचा_पोरगा
पारनेरकर, तुमच्या तालुक्यात कायदा वेगळा आहे का?

काळा_कोट
नोंदणी सक्तीची नाही. केली तर चांगलंच, मुद्रांक शुल्क लागत नाही, कागद हरवत नाही आणि 'नंतर बनवलं' म्हणायला वाव कमी होतो. पण आव्हान देता येतंच.

कोर्टात खरी परीक्षा साक्षीदाराची होते. दोन साक्षीदार लागतात, आणि मृत्युपत्र सिद्ध करायला त्यातला किमान एक, हयात असेल तर, पिंजऱ्यात यावा लागतो. तिथे काय विचारतात ते सांगतो. 'सही करताना तुम्ही समोर होता का?' होतो. 'त्यांनी सही केलेली तुम्ही डोळ्यांनी पाहिली?' हो. 'मग तुम्ही सही केली तेव्हा ते तुमच्यासमोर होते का?' इथे माणूस अडखळतो. एका प्रकरणात साक्षीदार प्रामाणिकपणे म्हणाला, 'नाही, कागद नंतर माझ्या दुकानावर आणून दिला, मी सही करून टाकली.' खोटं काही नव्हतं, सही खरी, इच्छा खरी, नोंदणीही झालेली. पण साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर सही केली पाहिजे, ते झालं नव्हतं.

मामांसाठी म्हणून: साक्षीदार मामांपेक्षा वयाने बरेच लहान घ्या, नाहीतर मामांच्या आधीच जातील. मुलीने किंवा जावयाने साक्षीदार होऊ नये, आणि मृत्युपत्र लिहून घेण्यातही पुढे पुढे करू नये. ज्याला मिळणार तोच कागद तयार करवून घेतो, वकील तोच आणतो, निबंधकाकडे गाडी तोच चालवतो, तेव्हा कोर्टाला शंका येते. ती दूर करायचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असतो, म्हणजे इथे सुमनवर.

अस्मि_कु
आणि मुलाला वगळलं हेच संशयास्पद नाही का धरत?

काळा_कोट
एकट्या त्या कारणावरून नाही. वारसाक्रम बदलायचाच म्हणून तर माणूस मृत्युपत्र करतो. पण मुलाचा उल्लेखच नसेल तर समोरचा वकील म्हणणार, म्हाताऱ्याला भान नव्हतं, आपल्याला मुलगा आहे हेही विसरला. म्हणून त्याचं नाव लिहावं, आणि एका ओळीत कारण. 'आमचे संबंध राहिलेले नाहीत, म्हणून त्यास विचारपूर्वक काही देत नाही.' बास. चार पानं शिव्या लिहू नयेत. त्यातली एक गोष्ट मुलाने खोटी ठरवली की सगळ्या कागदावर डाग.

अस्मि_कु
मी इथे वेगळं मत मांडते. कायद्याने येतं म्हणून करावं का? माझ्या आजीने काकाला असंच वगळलं. कायदेशीर सगळं चोख. काका कोर्टात गेला नाही, पण वर्षश्राद्धालाही आला नाही, आणि त्याची मुलं, ज्यांनी काहीच केलं नव्हतं, ती आमच्यापासून तुटली. मामांनी निदान नातवंडांसाठी काही ठेवावं.

रुबिना_सो
अस्मि, पटतं आणि नाही पण. मुलाला माहीत असलं की काहीही केलं तरी मिळणारच, तर म्हाताऱ्याच्या हातात काय उरतं? आमच्याकडे दोन तृतीयांश राखीव असतं, म्हणून मुलं सांभाळतातच असं नाही हो.

शंकासूर
अस्मि विरुद्ध रुबिना, मी पॉपकॉर्न आणतो. बाय द वे, फ्लॅटला नॉमिनी मुलगा असेल तर?

तलाठ्याचा_पोरगा
नॉमिनी मालक होत नाही. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा तेवढ्यापुरता. मृत्युपत्र असेल तर ते चालतं. तरी मामांना नॉमिनेशन बदलायला सांगा, उगीच सोसायटीच्या ऑफिसात भांडण नको.

सांजवारा
नॉमिनी मामी आहेत. पण कागद काढले तेव्हा एक निघालं. फ्लॅटच्या करारनाम्यात दोघांची नावं आहेत, मामा आणि मामी. मामा म्हणतात हप्ते सगळे मी भरले, मामीचं नाव 'असंच' टाकलं होतं.

काळा_कोट
'असंच' हा आपल्याकडचा सर्वात महागडा शब्द आहे. करारात दोघं असतील तर मामांनी आपल्या अर्ध्याचंच मृत्युपत्र करावं हे सुरक्षित. हप्ते माझेच होते म्हणून सगळा माझा, असा युक्तिवाद होऊ शकतो, पण बायकोविरुद्ध तो कोण करणार? सोपा मार्ग, मामींनी स्वतंत्र मृत्युपत्र करावं. त्यांनी केलं नाही तर मामींच्या अर्ध्यात मुलगा वारस म्हणून येणारच. दोघांचं मिळून एकच मृत्युपत्र करू नका, नंतर बदलताना गोंधळ होतो.

सांजवारा
मामींना विचारलं. त्या म्हणाल्या 'मी माझं बघीन'. म्हणजे काय ते मला कळलं नाही आणि मामांनाही नाही.

शंकासूर
पहिल्या प्रतिसादातलं कलम वाचा.

काळा_कोट
आता जमीन, जी राहिली होती. पारनेरकर, वडिलोपार्जित जमिनीचं मृत्युपत्र होतच नाही असं नाही. अख्ख्या जमिनीचं होत नाही, स्वतःच्या वाट्याचं होतं. १९५६ च्या कायद्याचं कलम ३०.

सांजवारा, आजोबा कधी गेले आणि जमीन त्यांनी स्वतः घेतलेली की त्यांच्या वडिलांकडून आलेली?

सांजवारा
पणजोबांकडून आलेली. घरात सगळे १९५३ म्हणतात. आजी त्यांच्याही आधी गेली होती. मामा तेव्हा सात वर्षांचे, माझी आई चारची. ही दोनच मुलं.

काळा_कोट
ठीक, १९५३ धरून चालू. जुन्या हिंदू कायद्याने जमीन मामांकडे आली, आणि ती मुलांच्या जन्माबरोबर त्यांचीही झाली. मुलीचाही हक्क मुलाइतकाच, २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे. आपल्याकडे वाटणीत पत्नीलाही हिस्सा धरतात. म्हणून मामा, मामी, मुलगा, मुलगी असे चार वाटे, दीड दीड एकर.

मृत्युपत्र केलं नाही तर मामांचा दीड एकर तिघांत जाईल, अर्धा अर्धा एकर. मुलाचे होतील दोन एकर. मृत्युपत्र करून मामांनी आपला वाटा मुलीला दिला तर मुलाकडे राहील दीड. म्हणजे जमिनीपुरतं या सगळ्या खटाटोपाने मुलाचा जाणार अर्धा एकर. त्याचा स्वतःचा दीड एकर मामांच्या हातात कधी नव्हताच.

ठाण्याचा_बोका
अर्ध्या एकरासाठी पंधरा वर्षं.

सांजवारा
मामांना सांगितलं. ते म्हणाले 'अर्धा एकर तर अर्धा एकर'.

तलाठ्याचा_पोरगा
थांबा जरा. १९५३ ऐवजी आजोबा ५७ ला गेले असतील तर? गावाकडे तारखा सगळे अंदाजाने सांगतात.

काळा_कोट
मी तिथेच येणार होतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. आजोबा त्याआधी गेले असतील तर सांजवारांच्या आईंना काही नाही, मुंबई उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये १९५६ पूर्वीच्या मृत्यूबाबत हेच धरलं. त्यानंतर गेले असतील तर हिशोबच बदलला. आजोबांचा अर्धा वाटा, म्हणजे तीन एकर, मामा आणि सांजवारांच्या आई यांच्यात समान. आईंचे किमान दीड एकर. त्याहून जास्त मागता येईल असंही म्हणणारे आहेत, त्यात आज शिरत नाही. आणि मामांना वारसाने आलेला दीड एकर मात्र मामांचा स्वतःचा, त्यावर मुलाचा जन्माने हक्क नाही, तो मामा कोणालाही देऊ शकतात.

शंकासूर
धागाकर्ते, तुम्ही अचानक पक्षकार झालात. अभिनंदन.

सांजवारा
मी आईला हे वाचून दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही :)

मीनल_द
हे वाचून तरी तुमची आई तुम्हाला बेदखल करेल.

तलाठ्याचा_पोरगा
सातबाऱ्यावर इतर हक्कात आणि नावाखाली फेरफार नंबर असतात. मागे मागे जाऊन वारसाचा फेरफार शोधा, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नक्कल मिळते. एक सावधगिरी. फेरफार मंजूर झाल्याची तारीख म्हणजे मयत तारीख नव्हे. लोक माणूस गेल्यावर चार-पाच वर्षांनी वारस लावायचे. आतल्या मजकुरात 'खातेदार अमुक तारखेस मयत' असं असतं, ते बघा.

सांजवारा
दोन आठवड्यांनी. नक्कल मिळाली. मंजुरीची तारीख एप्रिल १९५८ आहे. आतला मजकूर मोडीत. मला एक अक्षर कळत नाही, मामांनाही नाही. तहसीलमधला माणूस म्हणाला 'वाचणारे निवृत्त झाले'.

पारनेरकर
माझे वडील मोडी वाचतात. वय ८४, रोज एक पान वाचायला मागतात. कायद्याचं माझं जाऊ द्या, हे मी करून देतो. फोटो टाका, नावं आणि सर्व्हे नंबर झाकून. तारखेची ओळ झाकू नका.